मॅच सुरू झाली की मालिका धूसर का होते? ठाण्यातल्या एका तक्रारीचा पूर्ण तपास

तक्रार घोडबंदर रोडवर मानपाड्याजवळच्या एका सोसायटीतली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज आठ ते साडेदहा मराठी मालिका पाहतात. एप्रिल लागला, आयपीएल सुरू झाली आणि त्यांच्या वाहिनीचं चित्र बिघडायला लागलं. आवाज स्वच्छ, चित्र अडकत नाही, "सिग्नल नाही" अशी पाटी येत नाही. पण चेहऱ्यांवरचा बारकावा गेलेला, मागच्या भिंतीचा पोत पुसलेला. आजींच्या शब्दांत, "साडीचे काठच दिसत नाहीत." ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा डिश फिरली असेल असं उत्तर मिळालं आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचा मुलगा डिश बघायला आला. त्याने डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा एलएनबी बदलला, गच्चीवरचा गंजलेला कनेक्टर काढून नवा लावला, डिश पुन्हा जुळवून दिली. संध्याकाळी चित्र होतं तसंच.

मी बरीच वर्षं एका डीटीएच कंपनीच्या कॉम्प्रेशन विभागात होतो. ज्या खोलीतून वाहिन्या उपग्रहाकडे जातात तिथलं काम मी केलेलं आहे, म्हणून सोसायटीतल्यांनी मला बोलावलं. हे प्रकरण सविस्तर लिहितो, कारण अशी तक्रार जवळपास नेहमी चुकीच्या जागी शोधली जाते. दोष गच्चीवर नसतो. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपॉन्डरमध्ये, म्हणजे सिग्नल खाली पाठवणाऱ्या एका पट्टीत, वाहिन्या कशा बसवल्या आहेत, त्या मांडणीत तो असतो.

आजींनी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली होती, पण ती कुणी टिपून घेतली नव्हती. "मध्येच पंधरा-वीस मिनिटं साफ होतं, मग पुन्हा तसंच." कधी, असं विचारलं तर म्हणाल्या, "सव्वानऊ-साडेनऊला." संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो आणि पहिला डाव साधारण त्याच सुमारास संपतो. दोन डावांच्या मध्ये पडद्यावर स्टुडिओत बसून बोलणारी माणसं असतात. आजींच्या मालिकेचा क्रिकेटशी काही संबंध नाही, पण त्यांच्या चित्राचा आहे, हे त्या एका वाक्यातून कळत होतं.

तरी आधी गच्चीचा संशय नीट मिटवायला हवा होता. डिश बसवणाऱ्या मुलाकडे चांगला मीटर होता. सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर त्यावर 13 डेसिबलच्या आसपास दिसत होतं. या ट्रान्सपॉन्डरवर जी मॉड्युलेशनची, म्हणजे लहरींवर बिट चढवण्याची, पद्धत वापरली आहे, तिला सुमारे 6.6 डेसिबल मिळाले की चित्र उभं राहतं. म्हणजे सहा डेसिबलहून जास्त राखीव हातात होती. डिजिटल प्रसारणात ही राखीव असेपर्यंत चित्रात कणभरही फरक पडत नाही. 13 डेसिबल असोत की 9, बॉक्समधल्या, चित्र उलगडणाऱ्या डिकोडरच्या हाती येणारे बिट अगदी तेच असतात. राखीव संपली की मात्र काही दशांश डेसिबलच्या अंतरातच चित्र फाटतं, चौकोन उडतात, आवाज तुटतो आणि मग पडदा काळा होतो. हळूहळू धूसर होणं हा कमकुवत सिग्नलचा स्वभावच नाही. मुलगा म्हणाला, "काका, मीटर तर मस्त दाखवतोय, म्हणून मलाच कळेना." त्याचं काम त्याने चोख केलं होतं.

दुसरी खात्री घरबसल्या झाली. आजींची मुलगी नेरूळला राहते, तिच्याकडेही याच कंपनीचा सेट-टॉप बॉक्स आहे. दोघींनी एकाच भागाचं रेकॉर्डिंग केलं, एकाच प्रसंगावर थांबवलं आणि फोनवर फोटो पाठवले. नायिकेच्या पदराचा डावीकडचा काठ दोन्ही ठिकाणी त्याच जागी पुसलेला होता, आणि मागच्या दिवाणखान्यातल्या पडद्याच्या चुण्याही दोन्हीकडे सारख्याच गायब होत्या. चित्र दाबण्याच्या एच.264 या पद्धतीत डिकोडरचं काम बिटपर्यंत ठरवून दिलेलं असतं. एकच प्रवाह दोन घरांत पोचला तर दोन्हीकडे तंतोतंत एकच चित्र तयार होतं. पावसाचा किंवा केबलचा दोष असता तर तो दोन डिशवर दोन वेगळ्या जागी दिसला असता. एकाच चौकटीत एकाच जागी दोष दिसणं म्हणजे तो डिशच्या आधी, वर जाणाऱ्या प्रवाहातच शिरला आहे. शेजारच्या घरात दुसऱ्या कंपनीची डिश आहे. तिथे हीच मालिका त्याच वेळी स्वच्छ होती. त्यामुळे वाहिनीच्या मूळ चित्राकडून येणारा दोषही बाजूला झाला.

आता तो प्रवाह म्हणजे काय, ते पाहू. उपग्रहावरचा एक ट्रान्सपॉन्डर म्हणजे ठरावीक रुंदीची एक पट्टी: जमिनीवरून आलेला सिग्नल घ्यायचा, त्याची वारंवारता बदलायची, ताकद वाढवायची आणि खाली पाठवायचा. त्यात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आपल्या प्रकरणातला ट्रान्सपॉन्डर 36 मेगाहर्ट्झचा, आणि त्यातून दर सेकंदाला 2.75 कोटी सिम्बॉल जातात. प्रत्येक सिम्बॉलमध्ये तीन बिट, म्हणजे सेकंदाला 82.5 मेगाबिट. यातला एक तृतीयांश भाग चुकादुरुस्तीसाठी खर्च होतो, थोडा प्रसारणाच्या गठ्ठ्यांच्या शीर्षकांत जातो, आणि हाती उरतात सुमारे 54 मेगाबिट. ट्रान्सपॉन्डरची कुवत एवढीच. कितीही मोठा सामना असला तरी ती वाढत नाही.

एका साध्या एसडी वाहिनीचं न दाबलेलं चित्र 720 गुणिले 576 ठिपक्यांचं, सेकंदाला 25 चौकटी. रंगासकट हिशेब केला तर ते सुमारे 166 मेगाबिट होतं. म्हणजे मूळ स्वरूपात एकही वाहिनी या पट्टीत मावणार नाही. एच.264 ने तीच वाहिनी दीड-पावणेदोन मेगाबिटमध्ये आणता येते, साधारण शंभरपट दाबून. हे जमतं कारण लागोपाठच्या चौकटींत बहुतेक भाग तोच असतो. चित्र दाबणारा एन्कोडर चित्राचे 16 गुणिले 16 ठिपक्यांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा आधीच्या चौकटीत कुठे होता ते शोधतो. सापडला तर "तिथून इतकं सरकवून घे" एवढंच लिहितो, आणि जे उरलं त्याचाच फरक पाठवतो. बातमीदार टेबलामागे बसून बोलत असेल तर मागच्या भिंतीचे तुकडे जवळपास फुकटात जातात. कॅमेरा सीमारेषेकडे धावणाऱ्या चेंडूमागे फिरला, मागे हजारो प्रेक्षक वेगवेगळ्या दिशांनी हात हलवू लागले, कुणी झेंडे फडकवले, की सापडण्यासारखं फार थोडं उरतं. त्या क्षणी त्याच दर्जासाठी दुप्पट बिट लागतात.

म्हणून एका वाहिनीला ठरावीक बिट बांधून देणं तोट्याचं ठरतं. शांत प्रसंगात ते वाया जातात आणि धावपळीत कमी पडतात. त्याऐवजी सगळ्या वाहिन्यांच्या चित्रांसाठी एक सामायिक साठा ठेवतात आणि क्षणाक्षणाला त्यातून वाटप करतात. याला स्टॅटिस्टिकल मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. आमच्या खोलीत सगळे नुसतं "स्टॅटमक्स" म्हणायचे. प्रत्येक एन्कोडर येणारं चित्र आधी एकदा चाळून बघतो आणि ते किती अवघड आहे याचा आकडा नियंत्रकाला कळवतो. नियंत्रक सगळ्यांचे आकडे एकत्र ठेवून प्रत्येकाला पुढच्या क्षणासाठी वाटा ठरवून देतो. मग एन्कोडर त्या वाट्यात चित्र बसवतो. शेवटी मल्टिप्लेक्सर सगळ्यांची 188 बाइटची पाकिटं एकामागून एक रचून एकच अखंड प्रवाह तयार करतो. प्रत्येक पाकिटावर ते कोणत्या प्रवाहाचं आहे ते सांगणारा क्रमांक असतो, त्याला पीआयडी म्हणतात. घरातला बॉक्स आपल्या वाहिनीच्या पीआयडीची पाकिटं उचलतो आणि बाकीची सोडून देतो.

चाळून बघायला आणि वाटप ठरवायला वेळ लागतो, म्हणून चित्र एन्कोडरमध्ये काही काळ थांबवून ठेवतात. शेजारच्या इमारतीतून विकेटचा आरडाओरडा आधी ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो, याचं बरंचसं कारण इथे आहे. उपग्रहापर्यंत जाऊन परत येण्याला जेमतेम पाव सेकंद लागतो. त्याच्यावर आळ घेणं अन्यायाचं आहे.

स्टॅटमक्सचा सगळा फायदा एका गृहीतकावर उभा आहे: सगळ्या वाहिन्यांना एकाच क्षणी जास्त बिट लागणार नाहीत. सोसायटीच्या टाकीतून खाली येणारा मुख्य पाइप घराघरातल्या नळांच्या बेरजेइतका जाड कधीच नसतो, कारण सगळे नळ एकदम सुटत नाहीत. वाहिन्यांचंही तसंच. एकीकडे मारामारी चालू असते तेव्हा दुसरीकडे कुणीतरी शांतपणे देवघरात दिवा लावत असतं. पाच वाहिन्यांची मागणी एकमेकींशी संबंध न ठेवता वरखाली होत असेल, तर बेरजेतला चढउतार एका वाहिनीच्या चढउताराच्या पाचपट होत नाही. तो सव्वादोनपटीच्या आसपास राहतो, पाचाच्या वर्गमुळाइतका. पण पाचही वाहिन्या एकाच तालात वर गेल्या तर तो थेट पाचपट होतो. आयपीएलच्या संध्याकाळी या ट्रान्सपॉन्डरवर नेमकं हेच घडत होतं.

हे नुसतं तर्काने म्हणून चालणार नव्हतं, मोजायला हवं होतं. आणि ते घरी मोजता येतं, हे फार जणांना माहीत नसतं. वाहिनी सशुल्क आणि कुलूपबंद असली तरी कुलूप फक्त पाकिटाच्या आतल्या मजकुराला असतं. पाकिटावरचा पीआयडी उघडाच असतो. त्यामुळे चित्र न बघता, कुठलाही नियम न मोडता, कोणत्या पीआयडीची किती पाकिटं जाताहेत एवढं मोजता येतं. सोसायटीच्या सामायिक डिशची एक मोकळी तार घेऊन ती मी लॅपटॉपला जोडलेल्या, उपग्रहाचा सिग्नल घेणाऱ्या डीव्हीबी-एस2 रिसीव्हरला लावली, पूर्ण ट्रान्सपॉन्डरचा प्रवाह थोडा थोडा वेळ साठवला आणि टीएसडक नावाच्या मोफत साधनाने उलगडला. आज्ञा एवढीच:

```
tsanalyze match.ts
```

यातून प्रत्येक सेवेचा आणि प्रत्येक पीआयडीचा सरासरी वेग मिळतो. एक नोंद खेळ चालू असतानाची घेतली, एक दोन डावांच्या मधली, आणि एक सामना नसलेल्या संध्याकाळची. पुढचे आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

या ट्रान्सपॉन्डरवर 19 एसडी आणि 3 एचडी वाहिन्या होत्या. आवाज, कुलुपाच्या किल्ल्या, कार्यक्रम-पत्रिका आणि इतर तक्ते वगळले तर चित्रांसाठी सुमारे 48 मेगाबिट उरत होते. सामना नसलेल्या दिवशी खेळाच्या दोन एचडी वाहिन्या प्रत्येकी 6, खेळाच्याच तीन एसडी वाहिन्या प्रत्येकी 1.6, बाकीच्या सोळा एसडी वाहिन्याही सरासरी 1.6, आणि सिनेमाची एक एचडी 5.6 असं वाटप होतं. आजींची वाहिनी या सोळांपैकी एक. या स्थितीत तिचं चित्र छान होतं, आणि आजींचीही तेव्हा तक्रार नव्हती.

सामना सुरू झाला की त्या पाचही खेळ वाहिन्यांवर एकच चित्र यायचं. मैदानावरचे कॅमेरे तेच, दिग्दर्शकाने बदललेली दृश्यं तीच. फरक फक्त समालोचनाच्या भाषेचा, कोपऱ्यातल्या मजकुराचा आणि जाहिरातींचा. एका क्षणी कॅमेरा गर्दीवर गेला की पाचही एन्कोडर एकदम हात वर करायचे. एचडीचे दोन 9-9 मेगाबिटवर जायचे, एसडीचे तीन 3-3 वर. बेरीज 27 मेगाबिट, जिथे एरवी 16.8 पुरत होते. हे जास्तीचे दहा मेगाबिट 48 मधूनच येणार. उरलेल्या सतरा वाहिन्यांना 31 च्या जागी 21 मिळाले. सिनेमाची एचडी चारच्या आसपास टिकली आणि सोळा एसडी वाहिन्यांच्या वाट्याला सरासरी एक मेगाबिट आला. आजींच्या वाहिनीचा पीआयडी खेळ चालू असताना एकच्या आगेमागे होता. डाव संपून स्टुडिओतली चर्चा सुरू झाली की तो पावणेदोनच्या वर उडी मारायचा. आजींची ती पंधरा-वीस मिनिटं या नोंदीत स्पष्ट दिसत होती.

प्रत्येक वाहिनीला कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती बिट द्यायचे, आणि ओढाताण झाली तर कुणाला झुकतं माप द्यायचं, हे नियंत्रकात भरून ठेवलेलं असतं. खेळाच्या वाहिन्यांना झुकतं माप देण्याची पद्धत आहे, कारण चेंडू दिसला नाही तर फोनचा पाऊस पडतो, आणि दिवाणखान्यातल्या पडद्याच्या चुण्या दिसल्या नाहीत तर सहसा कुणी फोन करत नाही. व्यवहार म्हणून मला हे समजतं. पण मालिका बघणाऱ्या माणसानेही महिन्याचे पैसे तेवढेच भरलेले असतात, आणि त्याच्या चित्रातून बिट काढताना त्याला कळणार नाही या हिशेबावर ते काढणं मला कधीच पटलेलं नाही.

कमी बिटांत चित्राचं नेमकं काय होतं, ते आजींच्या टीव्हीसमोर बसून नीट बघितलं. जुन्या एमपीईजी-2 पद्धतीत बिट कमी पडले की सरळ चौकोन दिसायचे, त्यामुळे दोष ओळखायला सोपा होता. एच.264 मध्ये तुकड्यांच्या कडा मऊ करणारी गाळणी पद्धतीचाच भाग आहे. बिट कमी पडले की चौकोनांऐवजी बारीक पोत नाहीसा होतो. गालावरची त्वचा सपाट होते, पैठणीच्या काठातला मोर नुसता हिरवा-जांभळा पट्टा होतो. याच कारणाने ग्राहक "चित्र फाटतंय" म्हणत नाही, "धूसर आहे" म्हणतो, आणि ऐकणारा डिश किंवा टीव्हीवर संशय घेतो.

पण एक खूण अशी आहे की ती सापडली तर शंका राहत नाही. प्रवाहात ठरावीक अंतराने एक पूर्ण चौकट येते, जी आधीच्या कुठल्याही चौकटीवर अवलंबून नसते. वाहिनी बदलल्यावर बॉक्स तिथूनच चित्र सुरू करतो. ती चौकट आली की पोत क्षणभर परत येतो, आणि पुढच्या चौकटींत पुन्हा विरत जातो. स्थिर दृश्यात, माणूस गप्प उभा असताना, मागच्या भिंतीकडे टक लावून बघायचं. भिंतीचा पोत ठरावीक तालात उमटतो आणि विरतो, साधारण सेकंद-दीड सेकंदाला एकदा. आजींना दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "अगं बाई, भिंत हलतेय!" पावसाने किंवा सैल कनेक्टरने झालेला दोष असा तालात कधीच येत नाही.

कारण सापडलं. उपाय काय, यावर मी माझ्या जुन्या सहकाऱ्याशी फोनवर बोललो. तो अजून याच कंपनीच्या अपलिंक केंद्रात आहे, जिथून वाहिन्या उपग्रहाकडे जातात. मोजलेल्या नोंदी त्याला पाठवल्या होत्या. त्यांच्याकडेही खेळ वाहिन्यांचा आलेख होताच. फक्त तो प्रत्येक वाहिनीचा वेगळा बघितला जात होता. पाचही रेषा एकावर एक ठेवून कुणी पाहिल्या नव्हत्या.

पहिली सूचना आली ती चुकादुरुस्ती कमी करण्याची. दोन तृतीयांशऐवजी तीन चतुर्थांश भाग माहितीला दिला तर 54 चे साधारण 61 मेगाबिट होतात. सात मेगाबिट फुकटात मिळाल्यासारखं वाटतं, पण त्याची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. चित्र उभं राहायला लागणारी पातळी 6.6 वरून 7.9 डेसिबलवर जाते. उपग्रहाकडून डिशकडे येणाऱ्या केयू बँडच्या लहरी दाट पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, आणि जून-जुलैत येऊरच्या डोंगरावर ढग अडकून कोसळायला लागले की घोडबंदरच्या पट्ट्यात काही डेसिबल सहज जातात. तेव्हा ही सव्वा डेसिबल राखीव म्हणजे चित्र असणं आणि नसणं यातला फरक. एप्रिल-मेतली धूसर मालिका वाचवण्यासाठी जुलैत सगळ्या बावीस वाहिन्या पुन्हा पुन्हा काळ्या करणं हा उपाय होऊ शकत नाही. शिवाय कमी पडत होते दहा मेगाबिट. सातांनी तेही पूर्ण भरत नव्हते.

तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सुंदर उपाय म्हणजे चित्र एकदाच पाठवायचं आणि त्याच्यासोबत वेगवेगळ्या भाषांचे आवाज वेगवेगळ्या पीआयडीवर द्यायचे. एका आवाजाला एक दशांश मेगाबिटच्या आसपास लागतं. तीन एसडी वाहिन्यांची एक झाली असती तर गर्दीच्या क्षणी सहा मेगाबिट मोकळे झाले असते. बॉक्सला हे जमतं, प्रवाहाच्या नियमांत याची पूर्ण सोय आहे. पण प्रत्येक भाषेची वाहिनी स्वतंत्र विकली जाते, तिच्या जाहिराती वेगळ्या, पडद्यावरचा मजकूर वेगळ्या लिपीत. वितरकाला ती मनाने एकत्र करता येत नाही. हा मार्ग तिथेच थांबला.

एच.265 ही नवी पद्धत वापरली तर तेच चित्र जवळपास निम्म्या बिटांत बसवता येतं, असंही कुणी विचारेल. पण घराघरात बसवलेले जुने बॉक्स ते उलगडू शकत नाहीत. बॉक्स बदलल्याशिवाय हे शक्य नाही, आणि एका ट्रान्सपॉन्डरसाठी लाखो घरांतले बॉक्स कुणी बदलत नाही.

उरला तो सरळ मार्ग: एका तालात चालणाऱ्या वाहिन्या एका ट्रान्सपॉन्डरवर ठेवायच्याच नाहीत. खेळाची एक एचडी आणि एक एसडी इथे ठेवली. दुसरी एचडी एका ट्रान्सपॉन्डरवर नेली आणि उरलेल्या दोन एसडी दुसऱ्या एकावर. बदल्यात इथे एक माहितीपर एचडी आणि दोन बातम्यांच्या वाहिन्या आणल्या. बातम्या मुद्दाम निवडल्या, कारण स्टुडिओतलं चित्र बहुतेक वेळ स्थिर असतं आणि सामन्याच्या तालाशी त्याचा संबंध नसतो. हिशेब केला तर गर्दीच्या क्षणी खेळ वाहिन्या आता 12 मेगाबिट घेतात, उरतात 36. बाकीच्या वाहिन्यांना एरवी 40 च्या आसपास लागतात, म्हणजे दहा टक्क्यांची ओढ. आधी ती एक तृतीयांश होती. आजींच्या वाहिनीला 1.4 च्या आसपास मिळायला लागले. 1.6 आणि 1.4 मधला फरक मालिकेच्या दृश्यांत मला डोळ्यांनी ओळखता आला नाही.

वाहिनी एका ट्रान्सपॉन्डरवरून दुसऱ्यावर हलवणं कागदावर सोपं दिसतं. बॉक्सला कोणती वाहिनी कुठे आहे हे प्रवाहातल्या तक्त्यांवरून कळतं. तक्ता बदलला की त्याचा आवृत्ती क्रमांक एकाने वाढवतात. बॉक्स तो क्रमांक बदललेला पाहून नवी यादी घेतो. वाहिनीचा रिमोटवरचा क्रमांक तोच राहतो, त्यामुळे पाहणाऱ्याला काही कळायचं कारण नाही. हा बदल मध्यरात्रीनंतर करतात. जुनी आणि नवी अशा दोन्ही जागांवर वाहिनी काही काळ चालू ठेवतात आणि मग जुनी जागा बंद करतात. पण काही जुने बॉक्स यादी फक्त चालू होताना वाचतात. स्टँडबायवर ठेवलेला बॉक्स खरं तर बंद होतच नाही, त्यामुळे सकाळी तो जुन्याच जागी वाहिनी शोधत बसतो आणि काळा पडदा दाखवतो. आमच्या सोसायटीतही दोन घरांत खेळाची एसडी वाहिनी अशीच गेली. भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू केल्यावर आली.

नव्या मांडणीनंतर मी पुन्हा मोजलं. खेळ चालू असताना आजींच्या वाहिनीचा पीआयडी आता 1.3 ते 1.6 च्या मध्ये फिरतो. डावांच्या मधल्या वेळात तो थोडा वर जातो, पण पूर्वीची उडी राहिलेली नाही. भिंतीचं ते तालात उमटणं-विरणं अगदी जवळ जाऊन बघितलं तरच दिसतं. सिनेमाच्या एचडीचं मात्र पूर्ण समाधान झालेलं नाही. पाठलागाचे, स्फोटांचे प्रसंग आणि सामन्यातला मोठा क्षण एकत्र आले तर तिचे बिट अजूनही कमी पडतात. असा योग रोज येत नाही, पण आला की दिसतो. सहकाऱ्याच्या मते तिची खालची मर्यादा चारवरून साडेचारवर न्यायला हरकत नाही. ते अर्धे मेगाबिट बातम्यांच्या दोन वाहिन्यांकडून येतील, आणि तिथे ते कमी झालेले कुणाला जाणवतात का, हे बघून मग ठरवायचं आहे.